औपचारिक उत्तरं देणाऱ्या आवडत्या व्यक्तीशी मोकळं बोलायचंय: थेट सांगावं, हळूहळू उतरावं की फोन करावा?

आवडत्या व्यक्तीची उत्तरं ऑफिसच्या मेलसारखी येत असतील, तर साधारण तीन मार्ग समोर असतात. सरळ सांगायचं, की मला ‘तू’ म्हटलं तरी चालेल. किंवा काही न सांगता आपलीच भाषा एकेक पायरी खाली आणायची आणि समोरची व्यक्ती सोबत उतरते का ते पाहायचं. किंवा टाइप करणं कमी करून फोनवर, व्हॉइस नोटवर बोलायला लागायचं. काही जण चौथा मार्ग धरतात, तो म्हणजे त्या औपचारिकपणाची थट्टा: ‘एवढं काय सरकारी पत्रासारखं लिहिता!’ तो मी इथेच बाजूला ठेवते. ज्याला तसं लिहायची सवय आहे त्याला आपल्या लिहिण्यावर कुणी हसतंय हे लगेच जाणवतं, आणि पुढचा मेसेज तो आणखी जपून लिहितो.

तिन्हींतलं काहीही निवडण्याआधी एक बघून घ्या: भाषा औपचारिक आहे, की माणूसच लांब राहू पाहतोय? हे शब्दांवरून कळत नाही, संभाषण पुढे कोण नेतंय त्यावरून कळतं. ‘आपल्या आईंची तब्येत आता कशी आहे?’ हे वाक्य कडक इस्त्रीचं आहे, पण मागच्या आठवड्यात तुम्ही सहज केलेला उल्लेख त्या व्यक्तीने लक्षात ठेवलाय. ती उलट प्रश्न विचारते, कामाचं बोलून झाल्यावर एखादं वाक्य जास्तीचं लिहिते, कधी स्वतःहून मेसेज करते. अशा ठिकाणी औपचारिकपणा ही नुसती सवय असते, किंवा संकोच. याउलट ‘हो.’, ‘कळवते.’, ‘धन्यवाद.’ एवढंच येत असेल, विचारलं तेवढंच उत्तर मिळत असेल आणि सुरुवात नेहमी तुमचीच होत असेल, तर ती भाषा मुद्दाम आखलेली रेघ आहे असं समजा. मग पुढचं काहीच लागू होत नाही. त्याच सुरात उत्तर द्या आणि तिथेच थांबा.

आता पहिल्या प्रकारातलं एक उदाहरण. माझ्या एका मैत्रिणीची फोटोग्राफीच्या कार्यशाळेत एका मुलाशी ओळख झाली, दोघं साधारण एकाच वयाचे. रविवारी पहाटे तळ्यावर फोटो काढायला जायचं ठरत होतं. त्याचं उत्तर आलं:

‘आपला निरोप मिळाला. रविवारी साडेसहाची वेळ सोयीची आहे. कृपया ठिकाण कळवावे. मागील वेळी आपण काढलेला बगळ्याचा फोटो फार सुंदर होता. धन्यवाद.’

यातलं चौथं वाक्य कामाचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. ते नसतं तर मी तिला थांबायलाच सांगितलं असतं. ते होतं, म्हणून उत्तर कसं द्यायचं हा प्रश्न उरला. तिन्ही मार्गांची उत्तरं शेजारी ठेवून बघा.

थेट मार्गाचं: ‘मला तू म्हटलं तरी चालेल हं, आपण एकाच वयाचे आहोत. मागच्या फाटकापाशी भेटू.’

हळूहळू उतरण्याचं: ‘मागच्या फाटकापाशी भेटू या. तो बगळा अर्धा तास हललाच नव्हता, म्हणून जमलं हो ते! तुम्ही मोठी लेन्स आणताय ना?’

आवाजाचं: हेच सगळं, वीस-पंचवीस सेकंदांच्या व्हॉइस नोटमध्ये.

थेट मार्गाचा मोठा फायदा म्हणजे गोंधळ उरत नाही. समोरची व्यक्ती ‘मी एकेरीवर आलो तर आगाऊपणा वाटेल का’ या विचारात अडकली असेल, तर एका वाक्यात तिची सुटका होते. पण यात कोण बोलतंय याला फार महत्त्व आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली युरोपातल्या भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या वापरावर जे लिहिलं, त्यात हीच गोष्ट येते: एकेरीवर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा मानाने मोठ्या असलेल्या माणसाने मांडायचा असतो. आपल्याकडेही तसंच आहे. तुम्ही थोडे मोठे असाल तर हे वाक्य तुमच्या तोंडी शोभतं. लहान असाल तर फक्त स्वतःपुरतंच सांगा: ‘मला तू म्हणा.’ समोरच्याला तू म्हणायची परवानगी त्याच दमात मागू नका.

या मार्गाची अडचण पुढच्या दोन दिवसांत दिसते. सभ्य माणूस ‘हो, नक्कीच’ म्हणतो आणि पुढच्या मेसेजला पुन्हा ‘आपण’वर जातो. त्यात नकार नसतो, त्याच्या बोटांना सवय नसते. तुम्ही पुन्हा आठवण करून दिलीत, की त्याला प्रत्येक वाक्य परीक्षेसारखं वाटू लागतं. म्हणून थेट सांगायचं तर एकदाच, आणि तेही दुसऱ्या कुठल्या तरी वाक्याला जोडून, म्हणजे त्यावर स्वतंत्र उत्तर द्यायची गरज पडत नाही. वरच्या उत्तरात फाटकाचं वाक्य शेवटी आहे ते यासाठीच. त्याला वाटलं तर तो फक्त ‘ठीक, फाटकापाशी’ एवढं लिहू शकतो.

दुसरा मार्ग मला बहुतेक वेळा बरा वाटतो, पण त्यात घाई करून लोक तो बिघडवतात. ‘आपण’वरून एका उडीत ‘तू’वर येणं म्हणजे हळूहळू उतरणं नव्हे. मराठीत मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि सर्वनाम सगळ्यात शेवटी बदलायचं असतं. आधी क्रियापद सैल करा: ‘कळवावे’च्या जागी ‘कळवा’. मग लिहिण्यातली पुस्तकी रूपं सोडा: ‘सर्व ठीक झाले’ऐवजी ‘सगळं नीट झालं’. मग बोलण्यातले छोटे शब्द येऊ द्या: ना, की, हो, बरं, हं. ‘तुम्ही येताय ना?’ यात ‘तुम्ही’ जागच्या जागी आहे, मान कुठेच कमी झालेला नाही, तरी वाक्य एकदम घरचं वाटतं. केवळ एका ‘ना’ने.

त्यानंतरची पायरी आपण सगळेच नकळत वापरतो: सर्वनाम चुकवणं. ‘पोहोचलात का?’ की ‘पोहोचलास का?’ हा पेच पडला, की आपण ‘झालं का पोहोचून?’ असं विचारतो. ‘कसं वाटलं?’, ‘जेवण झालं?’, ‘आज कुठे दौरा?’ ही सगळी अशीच वाक्यं. अहो-जाहोही नाही आणि अरे-तुरेही नाही. या टप्प्यावर आठवडे गेले तरी बिघडत नाही. समोरची व्यक्तीही अशी वाक्यं लिहायला लागली, तर तिलाही ‘तुम्ही’ जड जातंय असं समजायला हरकत नाही. अशा वेळी एकेरी बहुतेक आपोआपच येते, कुणी मागावी लागत नाही.

हे चालतं का, तर चालतं. बोलणाऱ्यांचा सूर एकमेकांच्या सुराकडे सरकतो किंवा मुद्दाम दूर जातो, यावर हॉवर्ड जाइल्स या अभ्यासकाने 1970च्या दशकापासून भरपूर काम केलंय. जवळ यायचं असेल तर माणूस समोरच्यासारखं बोलू लागतो, आणि अंतर ठेवायचं असेल तर आपली वेगळी ढब घट्ट धरतो. तुम्हाला उत्तरात तेच बघायचंय. एका वेळी एकच पायरी उतरा, मग दोन-तीन उत्तरं येऊ द्या. शेवटचं ‘धन्यवाद’ गळलं का? ‘कृपया’ गेलं का? एखादं उद्गारचिन्ह, एखादा इमोजी आला का? आला तर पुढची पायरी. उलट उत्तर आखूड झालं, ‘नमस्कार’ परत आलं, ‘तुम्ही’चं पुन्हा ‘आपण’ झालं, तर तुम्ही जरा जास्तच उतरलात. काही न बोलता एक पायरी वर जा आणि तिथे रमा. माफी मागत बसू नका, त्याने अवघडलेपण उगाच ठळक होतं.

मैत्रिणीने हाच मार्ग घेतला. त्या बगळ्याच्या वाक्याला त्याचं उत्तर आलं: ‘अर्धा तास! आपला संयम मानायला हवा. लेन्स आणतो.’ ‘आपला’ तसाच होता, पण ‘धन्यवाद’ गेलं होतं, उद्गारचिन्ह आलं होतं आणि वाक्यं तुटक, बोलल्यासारखी झाली होती. एका उत्तरात एवढं पुष्कळ आहे. त्याच संध्याकाळी ‘अरे वा, मग ये लवकर’ असं लिहायचा मोह तिने आवरला. तिने लिहिलं, ‘वा! मग रविवारी भेटूच.’

तिसरा मार्ग एका ठरावीक माणसासाठी उत्तम आहे: जो समोर भेटल्यावर हसतखेळत बोलतो आणि फोन हातात घेतला की ‘कळवावे’ लिहितो. त्याचा औपचारिकपणा टायपिंगमध्ये आहे. दिवसभर कामाचे मेल लिहून हाताला तेच वळण लागलेलं असतं, किंवा लिहायची मराठी शाळेत निबंधातच शिकलेली असते. मराठी ज्याची मातृभाषा नाही त्याचंही पुष्कळदा असंच होतं. पुस्तकातलं शिकलेलं रूप त्याला सुरक्षित वाटतं, आणि तुमचे ‘हं’, ‘की’ त्याला नीटसे लागतही नाहीत. अशांच्या बाबतीत लिहिण्याच्या पायऱ्या मोजण्यापेक्षा दहा मिनिटं बोलणं जास्त उपयोगाचं. पण प्रत्यक्षातही जो तसाच बोलतो, त्याला अचानक व्हॉइस नोट पाठवली तर तो तिचं उत्तर टाइप करूनच देणार. फोन तर आणखी जड, कारण त्याला जागच्या जागी बोलावं लागतं आणि तोलून-मापून लिहिण्याची सोय जाते. ‘टाइप करायला मोठं आहे, बोलून सांगू का?’ असं विचारून मग करा, आणि ‘नंतर बोलू’ असं उत्तर आलं तर पुन्हा लिहिण्याकडे वळा.

थोडक्यात निवड अशी: तुम्ही वयाने मोठे असाल आणि समोरून संकोच स्पष्ट दिसत असेल, तर एकदा थेट सांगा. बोलण्यात आणि लिहिण्यात मोठा फरक असेल, तर आवाज. बाकी सगळीकडे पायऱ्या.

एका परिस्थितीत मात्र तिन्ही मार्ग बंद ठेवा. ती व्यक्ती तुमच्या हाताखाली काम करत असेल, तुमच्याकडे शिकत असेल किंवा तिचं एखादं काम तुमच्या होकारावर अडलेलं असेल, तर तिचा औपचारिकपणा तिच्या उपयोगाचा आहे. तुम्ही ‘मला तू म्हण’ म्हटलंत तर तिला नाही म्हणता येणार नाही, आणि तिने तू म्हटलं तरी ते मनापासून म्हटलंय की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ते काम संपू द्या, अधिकाराचं नातं संपू द्या. त्यानंतर तिने स्वतःहून मेसेज केला, तर वरच्या पहिल्या पायरीपासून सुरुवात करता येईल.