मृत्युपत्रात बौद्धिक दिव्यांग मुलीचा वाटा: भावाच्या नावे, तिच्या नावे की ट्रस्टकडे?

कोथरूडमधील एक काल्पनिक कुटुंब घेऊ. वडील विधुर आहेत, फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावे आहे, बँकेत 40 लाखांची ठेव आहे, मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो आणि 28 वर्षांची मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे. मृत्युपत्र केलेच नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन्ही मुलांना निम्मा-निम्मा वाटा मिळेल. दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 28 मध्ये स्पष्ट आहे. अडचण हक्काची नसून तो हक्क पुढे कोण आणि कसा सांभाळणार याची आहे.

बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो सर्व काही भावाच्या नावे करून ‘त्याने बहिणीला आयुष्यभर सांभाळावे’ असे लिहून ठेवण्याचा. हा मार्ग मला सर्वांत धोक्याचा वाटतो, आणि त्याचे कारण भावाच्या हेतूत नाही. मिळकत एकदा पूर्ण मालकीने भावाकडे गेली की असे वाक्य बहुधा इच्छाच राहते. त्याचे कर्ज थकले तर धनको त्या फ्लॅटपर्यंत पोहोचू शकतात. तो बहिणीआधी वारला आणि त्याने मृत्युपत्र केले नसेल, तर फ्लॅट त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे जातो. पहिल्या वर्गाचे हे वारस असताना दुसऱ्या वर्गातील बहिणीला काहीच मिळत नाही. वडिलांनी जिच्यासाठी एवढी तजवीज केली, तीच बाहेर राहते.

दुसरा मार्ग म्हणजे वाटा थेट मुलीच्या नावे लिहिणे. यात मालकी निर्विवादपणे तिची राहते, पण एक गैरसमज नेहमी आडवा येतो. ‘माझ्या पश्चात अमुक व्यक्ती हिची पालक’ असे मृत्युपत्रात लिहून भागत नाही, कारण मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार अज्ञान मुलांपुरता आहे आणि मुलगी 18 वर्षांची झाली की तो संपतो. सज्ञान बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समावेशाने असलेली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तेव्हा मृत्युपत्रातील नाव ही फार तर शिफारस ठरते. शक्य असेल तर वडिलांनी हयातीतच अर्ज करून ठेवावा. या मार्गाचा मोठा गुण म्हणजे देखरेख: नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने मिळकतीची यादी द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. हयगय किंवा अफरातफर झाल्यास त्याला हटवण्याची मागणी करता येते. मात्र ठेवीचे व्याज काढणे आणि फ्लॅट विकणे यांत फरक आहे. विक्रीच्या वेळी खरेदीदाराचे वकील केवळ पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर समाधान न मानता न्यायालयाची परवानगी मागण्याची शक्यता धरून चालावे.

तिसरा मार्ग, मृत्युपत्रातूनच खासगी ट्रस्ट निर्माण करण्याचा, नेमका इथे उपयोगी पडतो. मालकी विश्वस्तांकडे जाते, पण लाभ केवळ मुलीचा असतो. फ्लॅट भाड्याने द्यावा की विकावा, व्याज आणि भाडे तिच्या निवासी संस्थेच्या शुल्कावर व औषधांवर कसे खर्चावे, एखादा विश्वस्त वारल्यास पुढचा कोण, तिच्या पश्चात उरलेले कोणाला, हे सारे वडील आधीच लिहू शकतात. विश्वस्त किमान तीन असावेत आणि त्यांतला एक तरी कुटुंबाबाहेरचा असावा. विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिला नाही, तर पुढे तोच वादाचा मुद्दा होतो.

ट्रस्टची उणीव मात्र तितकीच खरी आहे: खासगी ट्रस्टचा हिशेब आपणहून तपासायला कोणीही येत नाही. जाब विचारण्याचा हक्क लाभार्थीचा, आणि इथे लाभार्थीला तो एकटीने बजावता येण्याची शक्यता कमी. म्हणून भाऊ विश्वस्त असेल तर समितीकडून नेमला जाणारा पालक दुसरा असावा, उदाहरणार्थ मावशी किंवा आत्या, म्हणजे तिच्या वतीने हिशेब मागणारे कोणीतरी राहते. वरच्या उदाहरणात फ्लॅट असल्यामुळे मी ट्रस्ट आणि वेगळा पालक अशी जोडी निवडेन. फ्लॅट नसून केवळ आठ-दहा लाखांची ठेव असती, तर ट्रस्टचा खर्च व खटाटोप परवडला नसता आणि दुसरा मार्गच योग्य ठरला असता.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून घ्यावी. साक्षीदार लाभ मिळणाऱ्यांपैकी नसलेले बरे.

शेवटी नॉमिनीची नावे तपासावीत. ठेवीला किंवा सोसायटीत भाऊ नॉमिनी असला, तर तो मालक होत नाही. मृत्युपत्राप्रमाणे ज्याचे त्याला देणे त्याच्यावर बंधनकारक असते, पण पैसा आणि ताबा आधी त्याच्या हाती येतो. आयुर्विम्याचे वेगळे आहे: तिथे पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर 2015 च्या दुरुस्तीनंतर रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते आणि मृत्युपत्रातल्या ट्रस्टकडे येत नाही. त्यामुळे पॉलिसीची रक्कम ट्रस्टला मिळावी अशी योजना असेल, तर मृत्युपत्र लिहून घेतानाच वकिलांना सर्व पॉलिसी दाखवून नामनिर्देशन बदलायचे का, हे ठरवून घ्यावे.