आयसीएल बसवून आठ महिने: व्हॉल्टचा आकडा आणि रात्रीची वलयं

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस १४. लेसरने चष्मा घालवायचा म्हणून कॉलेज रोडला तपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी कागदावर वजाबाकीच मांडली. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, ४८२ मायक्रॉन जाड. लॅसिकची पापुद्र्यासारखी झडप ११०, नंबर घालवायला झिजवावे लागणार साधारण १७०. खाली उरले २००. निदान २५० तरी उरायला हवेत, नाहीतर कॉर्निया पुढे फुगतो. विषय तिथेच संपला.

मग आयसीएल. ही कोलामरची मऊ लेन्स ३ मिलिमीटरच्या छेदातून घडी करून आत जाते आणि बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, आपल्या नैसर्गिक भिंगासमोर बसते. कॉर्निया झिजत नाही. मात्र डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली पुरेशी लागते, ती माझी होती. आधी डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, कडेला एक पातळ जागा सापडली, तिथे लेसर मारून घेतला आणि मगच ऑपरेशनची तारीख मिळाली.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. पट्टी न बांधता घरी आलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर नेहमीपेक्षा मोठं दिसलं. जाड चष्मा सगळं लहान करून दाखवतो, हे तीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं!

खरी काळजी महिन्याभराने लागली. आयसीएल आणि नैसर्गिक भिंग यांच्यातल्या फटीला व्हॉल्ट म्हणतात. साधारण २५० ते ७५० मायक्रॉन ठीक धरतात. माझा डावा ४२०, उजवा ७८०. फट फार कमी असली तर भिंगाला मोतीबिंदूचा धोका. फार जास्त असली तर रंगीत पडदा पुढे ढकलला जातो, पाणी निघून जायची वाट, म्हणजे कोन, अरुंद होतो आणि डोळ्यातला दाब चढतो. लेन्सचे साईज मोजकेच चार, ते बाहेरून घेतलेल्या मापावरून निवडतात, म्हणून असा फरक पडतो. आता लेन्स बदलायची का, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कोन उघडा आहे, दाब १५ आहे. नुसत्या आकड्यासाठी पुन्हा डोळा उघडायचा नाही. पण डोळा लाल होऊन दुखायला लागला, डोकं ठणकलं, धूसर दिसलं, तर सकाळची वाट बघू नका." आठव्या महिन्यात उजवा ७०० वर आला आहे.

खटकतं ते एकच. लेन्सच्या मधोमध पाणी वाहायला बारीक छिद्र असतं, त्यामुळे दिव्यांभोवती वलयं दिसतात. सातपूरहून दुसरी पाळी सुटली की त्र्यंबक रोडवर समोरच्या प्रत्येक गाडीला एक गोल चिकटलेला असायचा. पहिले दोन महिने भावाच्या मागे बसूनच घरी गेलो. आता गोल फिके झालेत, पण पावसात अजून दिसतात.

आणि लेन्स बसली तरी डोळा लांबच राहतो, मागचा पडदा ताणलेलाच. त्यामुळे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, शिवाय कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजायच्या. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.