काजूचा भाव एकाच जागी बदलतो : दुकानाची साइट सीएमएसवर चालवल्यानंतरचा अनुभव

म्हापशात आमचं काजू, आमसुलं आणि खोबरेल तेलाचं दुकान आहे. गेल्या चवथीच्या आधी साइट वर्डप्रेस या सीएमएसवर, म्हणजे साइटवरचा मजकूर आपला आपण बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमवर नेली आणि त्यावर विक्रीसाठी वूकॉमर्स बसवलं. बाजारातले ओळखीचे दुकानदार विचारतात, "हे सीएमएस म्हणजे नेमकं काय, आणि आपल्याला लागतं का?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची जुनी साइट साध्या एचटीएमएल पानांची होती. डब्ल्यू-२४० काजूचा, म्हणजे ज्याचे पाउंडाला २२० ते २४० गर बसतात त्याचा, भाव पहिल्या पानावर, काजूच्या पानावर, भेटीच्या डब्याच्या पानावर आणि दरपत्रकात असा चार ठिकाणी टाइप केलेला होता. भाव हलला की साइट करून देणाऱ्याला फोन करायचा आणि तो चार फायली उघडून चार आकडे बदलायचा. एखादा राहिला की गिऱ्हाईक त्याच पानाचा फोटो काढून दुकानात येई.

सीएमएसमध्ये पानाची अशी तयार फाइल नसतेच. भाव, नाव, वजन, वर्णन हे सगळं डेटाबेसमध्ये आपापल्या रकान्यात असतं. दिसणं, म्हणजे रंग, अक्षरं, मांडणी, हे थीमकडे असतं. गिऱ्हाईकाने पान उघडलं की प्रोग्रॅम डेटाबेसमधून माहिती उचलतो, थीमच्या साच्यात भरतो आणि पान तिथल्या तिथे तयार करून पाठवतो. त्यामुळे मी `Products` मध्ये जाऊन डब्ल्यू-२४० च्या अर्ध्या किलोच्या पाकिटासमोर `Regular price` मध्ये ६२० चे ६५० केले आणि सेव्ह केलं, की जिथे जिथे ते पाकीट दिसतं तिथे ६५० येतात. मधल्या माणसाची वाट बघावी लागत नाही. एवढ्या एका सोयीसाठी मी हे पुन्हा घेईन.

पण ही सोय रकान्यात लिहिलेल्या गोष्टींपुरतीच आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. चवथीच्या जाहिरातीच्या चित्रात "फक्त ६२०" असं छापलं असेल किंवा वर्णनाच्या मजकुरात हाताने आकडा लिहिला असेल, तर सीएमएसला तो भाव आहे हे कळतच नाही. तो तसाच राहतो. म्हणून भाव चित्रात टाकायचा नाही, असा आमच्या दुकानात नियमच आहे. बदल केल्यावर साइटच्या शोधात जुना आकडा टाकून बघावं. वर्णनात राहिलेला सापडतो. चित्रातला मात्र डोळ्यांनीच शोधावा लागतो.

दुसरी अडचण कॅशची, म्हणजे साठवून ठेवलेल्या पानांची. दर वेळी पान नव्याने बांधायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण एकदा बांधलेलं पान साठवून तेच पुढच्यांना देणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लावतात. साइट झटपट उघडते खरी, पण कधीकधी भाव बदलला तरी पहिल्या पानावर जुनाच दिसत राहतो. मालकाला हे लक्षात येत नाही, कारण लॉगिन केलेल्याला बहुतेक वेळा साठवलेलं पान दाखवत नाहीत. खूण अशी की गिऱ्हाईक म्हणतं, "पानावर ६२०, आणि कार्टमध्ये टाकल्यावर ६५०?" कार्ट साठवत नाहीत, तिथला हिशोब ताजा असतो. म्हणून भाव बदलला की मी कॅश रिकामी करतो आणि लॉगिन नसलेल्या फोनवर प्रायव्हेट विंडोत पान उघडून खात्री करतो.

वर्डप्रेस फुकट आहे, पण होस्टिंग आणि डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात आणि अपडेटची जबाबदारी आपली. पावसाळ्यात एका प्लगइनचं अपडेट घेतलं आणि पैसे भरायचं पान कोरं पडलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून तासाभरात सावरलं. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि `wp-content` फोल्डर दोन्ही हवेत. नुसतं फोल्डर घेतलं तर फोटो परत मिळतील, भाव आणि ऑर्डरी नाहीत. ही राखण नको असेल त्याने दरमहा भाडं घेणारी तयार सेवा बघावी. तिथे अपडेट त्यांचे ते करतात.

ज्याला फक्त पत्ता, वेळ आणि फोन नंबर दाखवायचा आहे, त्याने यातलं काहीच घेऊ नये. त्याला एक साधं पान पुरे. पण माल बराच आणि भाव सतत हलता असेल, तर सीएमएसच हवं.

घेतलं तर काउंटरवरच्या मुलाला `Administrator` करू नका, `Shop manager` करा. त्याला माल आणि ऑर्डरी हाताळता येतात, प्लगइन बसवता किंवा काढता येत नाहीत. आणि डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावावर आहे ना, हे पहिले पैसे देण्याआधी बघून घ्या.