दोन आर्टिकल, दोन शीट: बेदाण्याचा हिशेब कोणत्या शीटवर सोपवायचा?

सांगली-तासगाव पट्ट्यातल्या करसल्लागाराच्या ऑफिसात बेदाण्याचा हंगाम संपत आला की एक प्रश्न हमखास येतो: माल आत्ता सौद्याला लावायचा, की कोल्ड स्टोअरेजला ठेवून दिवाळीच्या आसपास विकायचा? समजा, हे काम तुम्ही ऑफिसातल्या दोन शिकाऊ आर्टिकलना वेगवेगळं दिलं आणि दोघांनी आपापली एक्सेल शीट आणून ठेवली. पुढच्या वर्षीही हीच शीट वापरायची आहे, तर कोणती घ्यायची?

उदाहरणासाठी आकडे असे धरू. बेदाणा १०,००० किलो, आजचा दर किलोला १८० रुपये, म्हणजे माल १८ लाखांचा. त्यावर ७५ टक्के, म्हणजे १३,५०,००० रुपये तारण कर्ज, व्याज सालाना १० टक्के. कोल्ड स्टोअरेजचं भाडं किलोला महिना ८० पैसे, मुदत ६ महिने, वजनात घट १ टक्का. अडत दोन्ही वेळेला लागणारच, म्हणून ती बाजूला ठेवू. आता शेतकऱ्याला एकच आकडा हवा आहे: सहा महिन्यांनी किती दर मिळाला तर ठेवणं परवडलं?

पहिल्या मुलाच्या शीटवर हे उत्तर एका सेलमध्ये आहे:

```
=(180*10000+1350000*10%/12*6+0.8*10000*6)/9900
```

उत्तर १९३ रुपये ४८ पैसे. कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं तरी तेवढंच येतं: व्याज ६७,५००, भाडं ४८,०००, एकूण १९,१५,५००, भागिले ९,९०० किलो. वर शीर्षक, रंग, बॉर्डर सगळं नीटनेटकं.

दुसऱ्या मुलीने `Inputs` नावाची वेगळी शीट केली आहे. दर, वजन, कर्ज, व्याजदर, महिने, भाडं, घट, सगळे आकडे `B` कॉलममध्ये, प्रत्येक आकडा एकाच जागी. तो कुठून आला हे सेलच्या नोटमध्ये लिहिलंय: दर कोणत्या तारखेच्या सौद्याचा, व्याज बँकेच्या कोणत्या पत्रातलं. हिशेबाच्या शीटवर १२ महिन्यांचे १२ कॉलम आहेत आणि खाली तपासणीच्या ओळीत हिरव्या रंगात "बरोबर". तिचं उत्तर मात्र १८७ रुपये ८० पैसे.

किलोमागे साडेपाच रुपयांहून जास्त फरक, आणि चूक दुसऱ्या शीटमध्ये आहे. ती कुठे आहे ते बारकाईने बघा, कारण निर्णय त्यावरच ठरतो. व्याजाच्या ओळीतला पहिला फॉर्म्युला असा:

```
=IF(C$4<=Inputs!$B$7, Inputs!$B$5*Inputs!B6/12, 0)
```

`B6` म्हणजे व्याजदर, आणि नेमकं तिथेच डॉलरचं चिन्ह राहिलं. फॉर्म्युला उजवीकडे ओढला की दुसऱ्या महिन्यात तो `C6` वाचतो, तिसऱ्यात `D6`. त्या सेल रिकाम्या, आणि रिकामी सेल एक्सेल मुकाट्याने शून्य धरतं. म्हणून व्याज पहिल्या महिन्याचं ११,२५० तेवढंच लागलं, पुढचे पाच महिने फुकट. दिवाळीला १९० दर आला तर ही शीट २१,७५० रुपयांचा फायदा दाखवेल. प्रत्यक्षात आज विकण्याच्या तुलनेत ३४,५०० रुपयांचं नुकसान झालेलं असेल.

एक्सेलचा कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण इथे मदतीला येत नाही. शेजारच्या फॉर्म्युल्यापेक्षा वेगळा फॉर्म्युला दिसला की तो उमटतो, आणि इथे सगळे फॉर्म्युले एकाच साच्यातले आहेत. रिकाम्या सेलकडे बोट दाखवणाऱ्या फॉर्म्युल्यांचा इशारा एक्सेलमध्ये आहे, पण तो मुळात बंद असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तिने स्रोत नोटमध्ये न लिहिता शेजारच्या `C` कॉलममध्ये लिहिले असते, तर दुसऱ्याच महिन्याला `#VALUE!` आलं असतं आणि चूक तिची तिलाच सापडली असती. माझं म्हणणं म्हणून हेच असतं की स्रोत आकड्याच्या शेजारीच लिहावा. वाचणाऱ्यालाही तो लगेच दिसतो.

मग तपासणीची ओळ "बरोबर" कशी म्हणाली? तिने महिनावार बेरजांची बेरीज आणि बाबवार बेरजांची बेरीज जुळवली होती. दोन्ही बेरजा त्याच चुकलेल्या ओळीतून आल्या, त्यामुळे त्या जुळणारच. अशा तपासणीतून बेरजेची रेंज अपुरी पडली असेल तर कळतं, फॉर्म्युला चुकला असेल तर नाही. त्यासाठी त्याच आकड्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोचावं लागतं. इथे ती वाट सरळ आहे: कर्ज गुणिले दर गुणिले महिने, भागिले १२.

शीट हातात आली की मी आधी एक आकडा बदलून बघतो. मात्र कोणता आकडा बदलायचा यालाही महत्त्व आहे. दुसऱ्या शीटमध्ये व्याजदर १० चा २० केला तर व्याज ११,२५० चं २२,५०० होतं, बरोबर दुप्पट, आणि सगळं ठीक वाटतं. महिने ६ चे ८ केले की मात्र भाडं ४८,००० वरून ६४,००० वर जातं आणि व्याज जागचं हलत नाही. चूक लगेच उघडी पडते.

हाच बदल पहिल्या शीटमध्ये करून बघा. ६ हा आकडा फॉर्म्युल्यात दोनदा आहे. घाईत व्याजातला बदलला आणि भाड्यातला राहिला तर उत्तर १९५ रुपये ७६ पैसे येतं; बरोबर उत्तर १९७ रुपये ३७ पैसे. शीट कुठेही तक्रार करत नाही. शिवाय ९,९०० म्हणजे काय हे पुढच्या वर्षी कुणाला सांगता येणार? १ टक्का घट त्या आकड्यात पुरली गेली आहे. ती ६ महिन्यांसाठी धरलेली होती का, ८ महिन्यांना वाढवायची का, हा प्रश्नच कुणाच्या मनात येणार नाही, कारण घट हा शब्द शीटवर कुठेच नाही.

माझा कौल दुसऱ्या शीटला, पण आहे तशी नाही. `B6` चं `$B$6` करून ओळ पुन्हा ओढायची आणि तपासणी बदलायची:

```
=IF(ABS(SUM(C6:N6)-Inputs!$B$5*Inputs!$B$6*Inputs!$B$7/12)<1,"बरोबर","तपासा")
```

उद्या कुणी १४ महिने टाकले, तर कॉलम १२ च असल्याने हीच ओळ "तपासा" म्हणेल, हा आणखी एक फायदा. अशीच एक ओळ भाड्यासाठीही घालून घ्या. दुरुस्तीनंतर तिचंही उत्तर १९३.४८ यायला हवं, आणि ते पडताळायला पहिल्या मुलाची शीट कामाला येते. दोघांनी स्वतंत्रपणे केलेला हिशेब जुळला, याला वजन आहे.

शेतकरी समोर बसलाय आणि आजच्यापुरतं तोंडी उत्तर द्यायचं आहे, एवढंच काम असेल तर पहिली शीट पुरेशी आहे. ती फाइलला लावून पुढच्या हंगामात आकडे बदलून वापरायचा विचार मात्र करू नका. ती दुरुस्त करायची म्हणजे नव्यानेच बांधायची.

एक गोष्ट दोघांकडूनही राहिली. तारण कर्ज १३.५ लाखांचं आहे, पण उरलेले साडेचार लाखही सहा महिने मालातच अडकलेत. शेतकऱ्याचं सोसायटीचं किंवा हातउसनं कर्ज थकलेलं असेल, तर त्या पैशालाही व्याज आहे. ते १० टक्क्यांनी धरलं तर २२,५०० रुपये वाढतात आणि परवडणारा दर १९५ रुपये ७६ पैशांवर जातो. हे धरायचं की नाही, ते त्यालाच विचारून ठरवावं. दुसऱ्या शीटमध्ये त्यासाठी `Inputs` मध्ये एक ओळ आणि हिशेबात एक ओळ वाढवावी लागेल; ते काम त्या मुलीलाच द्या, आणि झाल्यावर महिने ६ चे ८ करून दाखवायला सांगा.