चौदा महिने, एक नारिंगी दिवा आणि 590 रुपये

गाडी घेऊन चौदा महिने झाले, 17,000 किलोमीटर पळाली. पेट्रोल हॅचबॅक आहे. मायलेज, बूट, एसी यांवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणाऱ्या टायरच्या दिव्याबद्दल. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. त्याने माझे 590 रुपये घालवले आणि ते मला अजून पचलेले नाहीत.

डिसेंबरात एका सकाळी दिवा लागला. पंपावर बघितलं तर मागच्या डाव्या चाकात 24, बाकी तिन्हींत 33. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी मारून बुडबुडे दाखवले, खिळा काढला, स्ट्रिप घातली, दीडशे रुपये घेतले. हवा 33 केली. दिवा तसाच! दोन दिवस वाट बघून सर्व्हिस सेंटर गाठलं. गाडी आत गेली, दहा मिनिटांत दिवा बंद होऊन बाहेर आली. बिलावर ‘स्कॅनिंग 500’, वर 18 टक्के जीएसटी.

त्या रात्री चिडून मॅन्युअल उघडलं. माझ्या गाडीत चाकाच्या आत सेन्सर नाहीच. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जास्त फिरतं. एबीएसचे सेन्सर तेवढा फरक पकडतात. म्हणजे गाडीला हवा किती आहे ते कळत नाही, फक्त ‘आधीपेक्षा वेगळं’ एवढंच कळतं. म्हणून हवा भरल्यावर ‘हे आता बरोबर’ असं तिला सांगावं लागतं. गाडी उभी, इग्निशन ऑन, स्टिअरिंगच्या उजवीकडचं SET बटण तीन सेकंद दाबून धरायचं. दिवा मिचकावला की झालं. काही गाड्यांत हेच स्क्रीनवरच्या मेनूत असतं. फुकट.

एकच पथ्य आहे. टायर थंड असताना चारही चाकांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून मगच बटण दाबा. कमी हवेवर दाबलंत तर गाडी तीच हवा योग्य धरून बसते आणि पुढे गप्प राहते. चारही चाकांची हवा सारखीच हळूहळू उतरली तरी ती चुकू शकते. म्हणून गेज मी अजून वापरतो. आणि गाडी चालू करताच हा दिवा मिनिटभर मिचकावून मग स्थिर राहिला, तर दोष हवेत नसून यंत्रणेत आहे. तिथे बटणाचा उपयोग नाही.

सर्व्हिसची आठवण करून देणारा पाना दिसतो, तोही असाच घरी रीसेट होतो. अर्थात तेल बदलल्यावर. ते नुसतं कॅलेंडर आहे.

इथपर्यंत माझं मत असं होतं की सगळे दिवे म्हणजे वर्कशॉपची कमाई. त्याच तोऱ्यात गाडीतले दोषांचे कोड मोबाइलवर वाचणारा नऊशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल घेतला. मार्चमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला. डोंगल लावला, P0302 दिसलं, ‘पुसा’ दाबलं, दिवा गेला. बायकोला म्हटलं, बघ, 590 वाचले.

नवव्या दिवशी खंबाटकी घाटात गाडी हिसके द्यायला लागली आणि तोच दिवा मिचकावू लागला. स्थिर आणि मिचकावणारा यांतला फरक मला तेव्हा कळला. P0302 म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दिवा मिचकावतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं आणि तो भाग तापून खराब होतो. तशी गाडी रेटायची नाही. टो करून आणली.

यावेळी गाडी गॅरेजवाल्या दादांकडे नेली. त्यांनी आधी विचारलं, “कोड पुसला होता का?” कोडबरोबर दोष उद्भवला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते, म्हणजे किती आरपीएमला, इंजिन किती गरम असताना. मी पहिलीच साक्ष नष्ट केली होती. मग त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल आपसांत बदलली, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा वाचलं. आता P0303. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे प्लग किंवा इंजेक्टर नाही, कॉइलच. नवी कॉइल, मजुरी आणि टो मिळून 4,300. या वेळी बिल बघून चिडलो नाही, कारण काम डोळ्यांसमोर झालं होतं.

तेव्हापासून डोंगल फक्त वाचायला. एअरबॅगच्या दिव्याला तर हातही लावत नाही. सीटखालचा पिवळा कनेक्टर व्हॅक्यूम करताना सैल झाला तरी तो लागतो, पण ते काम वर्कशॉपचंच. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर गाडी वर्कशॉपपर्यंतही न्यायची नाही. तिथेच इंजिन बंद, डिपस्टिक बघा, टो बोलवा.

परवा टायरचा दिवा पुन्हा लागला. तेच मागचं डावं चाक, 25. थुंकी लावून बघितली तर व्हॉल्व्हच्या तोंडावर बुडबुडा. आतली पिन बदलायला वीस रुपये लागले. हवा भरली, SET दाबलं, दिवा तीनदा मिचकावला. सर्व्हिस सेंटर वाटेतच होतं, मुद्दाम त्याच्यासमोर गाडी उभी करून दाबलं.