वाक्य तोडावे की क्रियापद मोकळे करावे?

कार्यालयीन मजकूर सोपा करायला घेतला की दोन वाटा दिसतात. लांब वाक्याचे तुकडे करायचे, किंवा नामांत अडकलेली क्रियापदे बाहेर काढायची, म्हणजे ‘छाननी करण्यात येईल’ऐवजी ‘तपासतील’ असे लिहायचे. हाताशी वेळ थोडा असेल तर यातले आधी काय करावे, हे एका वाक्यावर पाहू.

मूळ: ‘विहित मुदतीत अर्ज सादर न केलेल्या अर्जदारांच्या बाबतीत, विलंबाच्या कारणांची छाननी करून, अर्ज स्वीकारण्याबाबतचा निर्णय घेण्यात येईल व त्याबाबत संबंधितांना अवगत करण्यात येईल.’

नुसते तोडले तर: ‘विहित मुदतीत अर्ज सादर न केलेल्या अर्जदारांच्या विलंबाच्या कारणांची छाननी करण्यात येईल. त्यानंतर अर्ज स्वीकारण्याबाबतचा निर्णय घेण्यात येईल. त्याबाबत संबंधितांना अवगत करण्यात येईल.’

पाच मिनिटांचे काम, आणि अर्थाला धक्का नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती काय आले? श्वास घ्यायला जागा, एवढेच. छाननी कोण करणार, कारणे कुणी द्यायची, ‘संबंधित’ म्हणजे कोण, हे अजून गुलदस्त्यातच आहे.

क्रियापदे मोकळी केली तर: ‘तुम्ही मुदतीत अर्ज दिला नसेल, तर उशीर का झाला ते लेखी कळवा. विभागप्रमुख ते कारण तपासतील आणि अर्ज घ्यायचा की नाही ते ठरवतील. निर्णय तुम्हाला पत्राने कळवू.’

मूळ वाक्यात 23 शब्द होते, इथे 27 झाले. म्हणजे सोपे करताना मजकूर आखडतोच असे नाही. ‘लेखी’, ‘विभागप्रमुख’ आणि ‘पत्राने’ हे तर मूळ मजकुरात नव्हतेच. ‘तपासतील’ लिहायला गेलो की कर्ता लागतो, ‘करण्यात येईल’ला लागत नाही. त्यामुळे प्रत्येक ‘येईल’पाशी ‘कोण?’ असे विचारायचे आणि उत्तर निर्णय घेणाऱ्याकडूनच आणायचे. आपल्या मनाने भरले तर भाषा सुधारण्याच्या नावाखाली आपण नियमच बदलून बसतो. कधीकधी उत्तर ‘अजून ठरलेले नाही’ असे येते. तेव्हा दोष भाषेचा नसतो.

म्हणून मी दुसरी वाट आधी धरतो. क्रियापद मोकळे झाले की वाक्य बहुधा आपसूक तुटते. मजकूर आजच बाहेर जायचा असेल आणि विचारायला कुणी नसेल, तर मात्र नुसते तोडणेच सुरक्षित.

काही नामांना हात लावू नये. ‘सुनावणी’ हे प्रक्रियेतल्या एका टप्प्याचे नाव आहे. त्याऐवजी ‘तुमचे म्हणणे ऐकून घेऊ’ लिहिले तर वाचणाऱ्याला ती साधी भेट वाटेल. ‘कार्यवाही’ म्हणजे पुढचे काम, ‘कारवाई’त शिक्षेची धार असते. सोपा म्हणून ‘कार्यवाही’च्या जागी ‘कारवाई’ लिहिलेत, तर साध्या कळवण्याच्या पत्राची धमकी होते. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ यात मात्र वाचवण्यासारखे काही नाही. काय करायचे ते लिहा: ‘पत्ता दुरुस्त करा.’