उचल २४,००० ची : ६ हप्ते की १२?

आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्यात भावाचा पगार १८,०००, उचल घेतली २४,००० बिनव्याजी. ६ हप्ते म्हणजे ४,००० कापून बाकी २०,००० मग १६,००० अशी भराभर उतरते, १२ हप्त्यांत २,००० च जातात पण वर्षभर स्लिपवर बाकी दिसत राहते. मला १२ च बरे वाटतात, कारण बिनपगारी रजा पडून पगार ९,००० च झाला की कपात निम्म्याच्या वर म्हणजे ४,५०० च्या वर नेता येत नाही, त्यात पीएफ १,०८०, मग ४,००० चा हप्ता बसतच नाही, ३,४२० कापून ५८० पुढं ढकलावे लागतात. २,००० चा मात्र आरामात बसतो. बाकी ४,००० नाही, ३,४२० नेच उतरली का तेवढं स्लिपवर नक्की बघा.